बोली एकरात, कागद आरमध्ये: सोलापूरकडे शेतजमीन घेताना क्षेत्राचा हिशेब

सोलापूरकडे रानाचा भाव एकरात सांगतात, लहान तुकडा असेल तर गुंठ्यात. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर छापलेले असतात, आणि बांधावर टेप धरली की आकडा मीटरमध्ये नाहीतर फुटात येतो. एकाच जमिनीची ही चार मापे तोंडातोंडी बदलताना प्रत्येक वेळी थोडे थोडे निसटते, आणि निसटलेले बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या अंगावर पडते. त्यावर साधा उपाय असा की कोणीही काहीही सांगितले तरी ते आधी चौरस मीटरमध्ये आणायचे, सगळी तुलना तिथेच करायची, आणि फूट-गुंठे शेवटी स्वतःच्या समजुतीपुरते काढायचे.

त्यासाठी पाठ असावेत असे आकडे थोडेच आहेत. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फुटांचा चौकोन, म्हणजे १,०८९ चौरस फूट. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची होती, म्हणून हा आकडा असा विचित्र वाटतो. ४० गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. मेट्रिक बाजूला हिशेब सरळ शंभराचा आहे: १०० चौरस मीटरचा एक आर, १०० आरचा एक हेक्टर. दोन्ही बाजू जोडणारा पूल एवढाच:

१ चौरस मीटर = १०.७६३९ चौरस फूट
१ गुंठा = १०१.१७ चौरस मीटर
१ एकर = ४,०४६.८६ चौरस मीटर
१ हेक्टर = १०,००० चौरस मीटर = १,०७,६३९ चौरस फूट = २ एकर १८.८४ गुंठे

मीटरचे फूट करताना ३.२८ ने गुणायची सवय असते. ती लांबीसाठी बरोबर आहे, क्षेत्रासाठी नाही. क्षेत्रात लांबी आणि रुंदी दोन्ही बदलतात, म्हणून ३.२८ दोनदा गुणावे लागते आणि १०.७६ येते. ६,००० चौरस मीटरचे कोणी १९,६८० चौरस फूट सांगितले तर हीच चूक झालेली असते. खरा आकडा ६४,५८३ आहे.

सातबाऱ्यावरचा आकडा कसा वाचायचा

bhulekh.mahabhumi.gov.in वर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की सातबारा पाहायला मिळतो. क्षेत्राच्या रकान्यात शेतजमिनीसाठी हेक्टर, आर, चौरस मीटर असा क्रम असतो. म्हणजे ०.६०.०० याचा अर्थ शून्य हेक्टर, साठ आर, शून्य चौरस मीटर. दोन्ही टिंबे काढून टाकली की उरलेला आकडा थेट चौरस मीटर असतो: ०.६०.०० म्हणजे ६,०००, ०.०८.५० म्हणजे ८५०, १.०५.२५ म्हणजे १०,५२५. बिनशेती जमिनीच्या उताऱ्यावर हेक्टर नसतो, फक्त आर आणि चौरस मीटर असतात. त्यामुळे शेताचा आणि प्लॉटचा उतारा एकाच वेळी हातात असला तर आधी वरचे एकक बघा, मग आकडा.

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या गावांत आणखी एक घोळ होतो. सीमेपलीकडे, विजयपूर-कलबुर्गीकडे, उतारा एकर-गुंठ्यात असतो. तिकडच्या कागदांची सवय असलेल्याला १.२० दिसले की तो एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर वाचतो. आपल्या सातबाऱ्यावर तेच १.२०.०० म्हणजे एक हेक्टर वीस आर, जवळजवळ दोन एकर एकोणचाळीस गुंठे. जुन्या फेरफारांत आणि जुन्या खरेदीखतांत आपल्याकडेही एकर-गुंठे-आणेच असत. १६ आण्यांचा गुंठा, म्हणजे एक आणा सुमारे ६८ चौरस फूट. तेव्हा जुना कागद चाळताना त्यातला ठिपका दशांश चिन्ह समजू नका. तिथे '१.५' लिहिले असेल तर ते बहुधा एक एकर पाच गुंठे असते, दीड एकर नव्हे. बोलीतला 'एक पाच' आणि 'दीड' यांत १५ गुंठ्यांचा फरक आहे.

एकूण क्षेत्राच्या आकड्यावर थांबू नका. त्याच उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा वेगळे दिलेले असतात. पोटखराब्याचे वर्ग अ आणि वर्ग ब असे दोन भाग असतात. ढोबळमानाने वर्ग अ म्हणजे खडक, नाला, खाणीसारखी पिकाला न येणारी जागा, आणि वर्ग ब म्हणजे रस्ता, पाण्याचा प्रवाह अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. हे क्षेत्र एकूण आकड्यात धरलेले असते, त्यामुळे भाव ठरवताना ते वजा करायचे की नाही हा बोलणीचा विषय आहे. पण ते आहे हे घेणाऱ्याला माहीत असले पाहिजे. गटात अनेक खातेदार असतील तर गटाच्या एकूण क्षेत्राशी तुमचा संबंध नाही. विकणाऱ्याच्या नावासमोर जेवढे क्षेत्र आहे तेवढेच तो विकू शकतो. आणि नावे एकत्र कंसात, सामाईक असतील तर त्यातला कोणता तुकडा त्याचा, हे सातबारा सांगत नाही.

एक उदाहरण: 'दीड एकर'

दक्षिण सोलापूर तालुक्यातला एक गट धरू. विकणारा म्हणतो, दीड एकर रान आहे, भाव १८ लाख रुपये एकर, म्हणजे सत्तावीस लाख. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र ०.६०.००, त्यात लागवडीयोग्य ०.५८.०० आणि पोटखराबा ०.०२.००.

दीड एकर म्हणजे दीड गुणिले ४,०४६.८६, सुमारे ६,०७० चौरस मीटर. कागदावर आहेत ६,०००. ७० चौरस मीटर, म्हणजे साधारण ७५६ चौरस फूट, पहिल्याच ओळीत कमी झाले. यात विकणारा फसवतोच आहे असे नाही. आर म्हणजेच गुंठा, आणि ४० आर म्हणजे एकर, असे सगळेच बोलतात. पण आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा १०१.१७ चा. एका आरामागे फरक सव्वा चौरस मीटरही नाही, मात्र ४० आरांना तो ४७ चौरस मीटर होतो. ६० आर म्हणजे ५९.३ गुंठे, पुरे साठ नाहीत. १८ लाख एकर या भावाने गुंठा ४५ हजाराला पडतो, म्हणजे हा 'आर म्हणजे गुंठा' घेणाऱ्याला सुमारे ३१ हजार रुपयांना पडतो.

म्हणून भावही त्याच मापात आणायचा. १८ लाखांना ४०.४७ ने भागले की आरचा भाव सुमारे ४४,४८० रुपये येतो. यापुढे बोलणी याच आकड्यावर करा. 'एकराचा भाव तोच, फक्त हिशेब आरवर' असे म्हटले की सहसा कोणी अडत नाही.

रानात टेप धरताना

आता प्रत्यक्ष जागा. हे रान चौकोनी दिसते, पण चारही कोन काटकोनात नाहीत. आपल्याकडची बहुतेक राने अशीच आहेत. चार बाजू मोजल्या आणि अशा आल्या: दक्षिणेची ८४.५ मीटर, पूर्वेची ९१, उत्तरेची ७८ आणि पश्चिमेची ५८.५.

गावाकडची जुनी रीत म्हणजे समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणायची. ८४.५ आणि ७८ ची सरासरी ८१.२५, ९१ आणि ५८.५ ची ७४.७५, गुणाकार ६,०७३ चौरस मीटर. दीड एकरापेक्षा तीन चौरस मीटर जास्तच! विकणारा म्हणेल, बघा, पुरते दीड एकर भरले. पण ही रीत फक्त काटकोनी चौकोनाला अचूक आहे. कोन जरा तिरके झाले की ती नेहमी जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. तिरक्या बाजूची लांबी वाढते, पण त्या प्रमाणात आतली जागा वाढत नाही. चार काड्या टोकांना दोऱ्याने बांधून चौकट तिरकी दाबून पाहा: काड्या तेवढ्याच राहतात, आतली जागा आक्रसते.

म्हणून चार बाजूंसोबत एक कर्ण मोजायचाच. नैर्ऋत्य कोपऱ्यापासून ईशान्य कोपऱ्यापर्यंत सरळ टेप धरली आणि ९७.५ मीटर आले. आता रानाचे दोन त्रिकोण झाले. एकाच्या बाजू ८४.५, ९१, ९७.५ आणि दुसऱ्याच्या ७८, ५८.५, ९७.५. त्रिकोणाच्या तीन बाजूंची बेरीज करून निम्मी करायची, त्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करायची, चारही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचे. पहिल्या त्रिकोणाची निम्मी बेरीज १३६.५, दुसऱ्याची ११७. फोनवरच्या एक्सेलमध्ये असे टाका:

```
=SQRT(136.5*(136.5-84.5)*(136.5-91)*(136.5-97.5))
=SQRT(117*(117-78)*(117-58.5)*(117-97.5))
```

पहिला ३,५४९ आणि दुसरा २,२८१.५ येतो. एकूण ५,८३०.५ चौरस मीटर, म्हणजे ५८ आर ३०.५ चौरस मीटर. गुंठ्यात ५७.६३, फुटांत सुमारे ६२,७५९. जागेवर ना दीड एकर भरतो, ना सातबाऱ्यातले साठ आर. टेप फुटांची असेल तर हीच रीत फुटांत करा आणि आलेले चौरस फूट १,०८९ ने भागा, गुंठे मिळतील.

कर्ण चुकला की सगळेच चुकते, म्हणून जमल्यास दुसरा कर्णही मोजून त्या बाजूने पुन्हा दोन त्रिकोण करून बघा. दोन्ही उत्तरे एक टक्क्याच्या आत जुळली तर माप बरे आहे. तिथे उभी ज्वारी किंवा ऊस असेल तर कर्ण सरळ धरता येत नाही. पिकातून वळसे घेत मोजलेला कर्ण न मोजल्यातच जमा. रान मोकळे होईपर्यंत थांबलेले बरे. टेपच्या झोळाची आणि जमिनीच्या चढाची मात्र फार काळजी करू नये. दहा मीटरला एक मीटर चढ असला तरी लांबीत अर्धा टक्काच फरक पडतो. जास्त चूक होते ती ३० मीटरची टेप तीन वेळा टाकताना रेषा वाकडी झाल्याने. दोन टोकांना काठ्या रोवून मधल्या खुणा त्यांच्या ओळीत धरा.

फोनवरच्या मोजणीच्या ॲपवर सौदा ठरवू नका. साध्या फोनमधले जीपीएस मोकळ्या रानातही काही मीटर इकडे-तिकडे असते. या रानाचा घेर ३१२ मीटर आहे. चारही बाजूंना रेषा फक्त एक मीटर बाहेर सरकली तरी तीनशेच्यावर चौरस मीटर वाढतात, म्हणजे तीन गुंठे. दहा-वीस एकराच्या पट्ट्याचा अंदाज घ्यायला ॲप ठीक आहे. दीड एकराला नाही.

कमी पडलेले १७० चौरस मीटर गेले कुठे

सातबाऱ्यात ६,०००, टेपवर ५,८३०. फरक दिसला की लगेच भांडण काढू नये. पहिला प्रश्न हा की टेप कुठून धरली होती. नांगरट जिथे संपते तिथून धरली असेल तर बांध बाहेर राहिला. दोन रानांमधल्या बांधाची हद्द साधारणपणे मधोमध धरतात. एक मीटर रुंदीच्या बांधाचा आपला अर्धा मीटर चारही बाजूंनी सुटला, तर ३१२ मीटरच्या घेराला सुमारे १५६ चौरस मीटर होतात. म्हणजे जवळपास सगळा फरक त्या बांधातच सापडला. टेप बांधाच्या मध्यावर धरून पुन्हा मोजा.

मध्यापासून धरूनही आकडा ५,८३० च येत असेल तर मामला वेगळा आहे. शेजाऱ्याने बांध कोरत आत आणलेला असतो, किंवा गाडीवाट कडेच्या रानातून रुंद होत गेलेली असते, किंवा रस्त्यासाठी काही जागा संपादित झाली आणि त्याचा फेरफार अजून सातबाऱ्यावर ओढलेला नसतो. यातले काय घडले ते टेप सांगू शकत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी लागते. ती तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयामार्फत होते आणि अर्ज सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारालाच करावा लागतो. घेणाऱ्याच्या नावाने होत नाही. म्हणून 'मोजणी करून क-प्रत नकाशा द्यायचा' ही अट इसार देण्याआधी विकणाऱ्याकडून कबूल करून घ्या. इसार दिल्यावर ती मागणी ढिली पडते.

खासगी सर्व्हेअरचे माप हिशेबासाठी चांगले असते, पण हद्दीचा वाद झाला तर सरकारी मोजणीचा नकाशाच पुढे करावा लागतो.

पैशाचा हिशेब आणि कागदावरचे शब्द

मोजणीतही ५,८३०.५ च निघाले असे धरू. ५८.३०५ आर गुणिले ४४,४८० केले की सुमारे २५ लाख ९३ हजार होतात. बोलीतले सत्तावीस लाख आणि हे यांत १ लाख ६ हजारांच्या आसपास फरक आहे. इथे अजून एक सापळा असतो. विकणारा आर मान्य करतो, पण भाव गुंठ्याचाच, ४५ हजार, लावतो. ५८.३०५ गुणिले ४५ हजार म्हणजे २६ लाख २३ हजार, सरळ तीस हजार जास्त. माप बदलले की भावही त्याच मापात बदललाच पाहिजे, नाहीतर अर्धाच हिशेब होतो.

इसार पावतीत 'अंदाजे दीड एकर' असे लिहू देऊ नका. 'गट नंबर अमुक, सातबाऱ्याप्रमाणे ० हेक्टर ६० आर, भाव प्रति आर इतका, अंतिम रक्कम मोजणीत येणाऱ्या क्षेत्राप्रमाणे' असे लिहा. पोटखराब्याला भाव पूर्ण, निम्मा की काहीच नाही, हेही तिथेच टाका. आपल्या उदाहरणात २ आर पोटखराबा म्हणजे २,१५३ चौरस फूट आणि सुमारे ८९ हजार रुपये. ही रक्कम खरेदीच्या दिवशी, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या दारात बोलायची नव्हे.

मुद्रांक शुल्क काढताना सरकारी बाजारमूल्याशी तुलना होते. वार्षिक दरपत्रकात शेतजमिनीचा दर हेक्टरी असतो. त्याला १०० ने भागले की आरचा दर मिळतो, आणि तो तुमच्या ४४,४८० च्या शेजारी ठेवून पाहता येतो. एकराशी पडताळायचा असेल तर हेक्टरी दराला २.४७१ ने भागा. अडीचने भागले तर एकराचा दर एक टक्क्याहून थोडा जास्त कमी दिसतो.

गटातला लहान तुकडाच घ्यायचा असेल तर तुकडेबंदीचा, म्हणजे त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही असा, आकडा लागतो. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनंतर सोलापूर जिल्ह्यात जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. या कायद्यात पुढेही बदल होत आहेत, तेव्हा व्यवहाराच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात विचारूनच पुढे जा. काठावरचा आकडा मुळीच ठेवू नका. २० आर म्हणजे १९.७७ गुंठे होतात, आणि उजनीच्या कालव्याचे पाणी येते म्हणून रान बागायत असे तोंडी सांगितले तरी सातबाऱ्यावर ते जिरायतच असू शकते.

शहराच्या कडेला, हायवेलगत 'गुंठा' म्हणून विकले जाणारे प्लॉट ही वेगळीच गोष्ट. तिथे काही जण हजार चौरस फुटांनाच गुंठा म्हणतात, आणि काही जण १,०८९ सांगून त्यात समोरच्या रस्त्याचा हिस्सा मोजतात. तिथे एकच विचारायचे: माझ्या चार खुंटांच्या आत किती चौरस मीटर? उत्तर आकड्यात आले नाही तर टेप काढा आणि कर्ण मोजा.